गुडघा बदलायचा की थांबायचं? बारा आठवड्यांत मिळणारं उत्तर

तुळजापूरला महाद्वारातून आत शिरलं की देवीपाशी जायला पायऱ्या उतराव्या लागतात. दर्शन झाल्यावर बाहेर यायला त्याच पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघा झिजलेल्या माणसाला विचारलं, तर तो चढण्याबद्दल फारशी तक्रार करत नाही. त्याला उतरणं नको वाटतं. कठडा धरून, अंग तिरकं करून, एकेक पाऊल टाकत उतरणाऱ्या साठीतल्या बायका तिथे रोज दिसतात.

यामागचं कारण सरळ आहे. उतरताना शरीराचं वजन खाली येत असतं आणि त्याला लगाम घालायचं काम मांडीचा पुढचा स्नायू करतो. तो अशक्त असला, तर लगाम सुटतो आणि भार थेट सांध्यावर आदळतो. बर्लिनच्या संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यात भार मोजणारं यंत्र बसवून हा दाब प्रत्यक्ष मोजला. सपाट जागेवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो आणि पायऱ्या उतरताना सुमारे साडेतीन पट. म्हणजे ७१ किलोच्या बाईच्या गुडघ्यावर उतरताना प्रत्येक पावलाला अडीचशे किलोच्या आसपास दाब पडतो. गुडघ्याच्या दुखण्याचे दोन धागे या हिशेबात सापडतात, वजन आणि स्नायू. ऑपरेशन आता करावं की लांबवावं, हा प्रश्नही या दोन्हींना धरूनच सोडवावा लागतो.

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. तुळजापूर तालुक्यातल्या एका गावातल्या ६४ वर्षांच्या बाई. उंची पाच फूट, वजन ७१ किलो, रक्तदाबाची गोळी चालू, मधुमेह नाही. आयुष्य खुरपणीत आणि सोयाबीनच्या काढणीत गेलं. चार वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. सोलापुरात एक्स-रे काढला. सांध्यातली फट कमी झालेली, कडेला हाडाचे काटे वाढलेले. डॉक्टर म्हणाले, “मावशी, गुडघा बदलावा लागेल. आज की उद्या, ते तुम्ही ठरवा.”

घरी दोन तट पडले. मुलगा म्हणाला, “आई, एकदाचं करून टाकू. परत वय झाल्यावर झेपायचं नाही.” जाऊबाई म्हणाल्या, “नगं बया, आमच्या वळखीच्या एकीचा पाय आखडूनच बसला.” बाईंना स्वतःला एवढंच कळून घ्यायचं होतं, की थांबलं तर नुकसान होईल का?

एक्स-रे काय सांगतो आणि काय नाही

गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतात, तिथे दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. वय, वजन, जुनी इजा आणि घराण्यातला कल यांमुळे हा थर पातळ होत जातो. त्याबरोबर सांध्याचं अस्तर सुजतं, हाडाच्या कडा वाढतात आणि भोवतालचे स्नायू रोडावतात. याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात, बोलीत झिजेचा संधिवात. ‘वंगण संपलं’ असं लोक म्हणतात. पण हे एखाद्या यंत्रातलं तेल संपण्यासारखं नाही, अख्खा सांधाच बदलत असतो.

हा आजार केवळ शहरी किंवा बैठ्या माणसांचा नाही. १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. कष्टाची कामं करणाऱ्या त्या गावातही गुडघेदुखी ही लोकांच्या मुख्य तक्रारींपैकी एक निघाली. उकिडवं बसून तासन्‌तास खुरपणं, डोक्यावर ओझं वाहणं आणि पन्नाशीनंतर हळूहळू चढणारं वजन हे सगळं एकाच सांध्यावर जमा होतं.

एक्स-रेमधली झीज आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचं प्रमाण मात्र जुळतंच असं नाही. फोटोत मोठी झीज असूनही माणूस आरामात बाजाराला जातो आणि किरकोळ झीज असलेल्याला रात्रभर झोप लागत नाही, अशी दोन्ही माणसं अस्थिरोगतज्ज्ञांकडे येतात. म्हणून ‘फट संपली’ एवढ्या कारणावरून गुडघा बदलत नाहीत. दुखणं किती आहे, त्याने दिवसाची कुठली कामं अडली आहेत आणि बाकीचे उपाय खरोखर करून पाहिले आहेत का, हे तीन प्रश्न फोटोपेक्षा महत्त्वाचे आहेत.

यातला तिसरा प्रश्न बहुतेक घरांत निसटतो. “व्यायाम केला का?” असं विचारलं, की “रोज शेतात जातेच की,” असं उत्तर येतं. पण शेतातलं काम दुखऱ्या गुडघ्यावर भार टाकतं. स्नायूला ठरवून, पायरी पायरीने बळ देणं हे वेगळं काम आहे.

डेन्मार्कमधली परीक्षा

थांबण्याच्या प्रश्नावर सर्वांत सरळ उत्तर २०१५ साली डेन्मार्कमधून आलं. गुडघा बदलायला पात्र ठरलेल्या १०० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर बारा आठवडे व्यायाम, माहिती, आहाराचा सल्ला असे उपचार झाले. दुसऱ्या गटाला ऑपरेशन न करता फक्त तेच बारा आठवड्यांचे उपचार मिळाले.

वर्षाने पाहिलं तेव्हा ऑपरेशनवाल्यांची सुधारणा दुसऱ्या गटाच्या जवळपास दुप्पट होती. ऑपरेशन चालतं, यात शंका राहिली नाही. पण दुसरा गटही सुधारला होता आणि त्यातल्या चारांपैकी तिघांना वर्षभरात ऑपरेशनची गरज वाटली नाही. दोन वर्षांनी पाहिलं तेव्हाही सुमारे दोन तृतीयांश लोक ऑपरेशनशिवायच होते. पहिल्या वर्षातल्या गंभीर गुंतागुंती ऑपरेशनच्या गटात २४ होत्या, दुसऱ्यात ६.

याचा साधा अर्थ असा, की बारा आठवडे नीट व्यायाम करून पाहण्यात सहसा काही गमावत नाही. ज्यांचं त्यावर भागत नाही, त्यांच्यासाठी ऑपरेशनचा दरवाजा उघडाच राहतो, आणि कमावलेली मांडी ऑपरेशननंतर उभं राहायला कामी येते. फक्त ‘थांबणं’ म्हणजे गोळ्या खात बसून राहणं नव्हे. डेन्मार्कच्या रुग्णांनी आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली घाम गाळला होता.

बाईंचे बारा आठवडे

सुरुवातीला मोजमाप झालं. हात छातीवर घडी करून खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, अर्ध्या मिनिटात किती वेळा जमतं ते मोजायचं. साठी ते चौसष्टच्या निरोगी बायकांना बारा ते सतरा वेळा जमतं. बाईंना सात वेळा जमलं. हा आकडा कॅलेंडरवर लिहिला गेला.

पहिले दोन आठवडे झोपून करायचे प्रकार होते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं, दहा वेळा. मग एक पाय दुमडून दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलायचा, दहा वेळा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर न्यायचा, दहा वेळा. हा तिसरा प्रकार खुब्याच्या बाजूच्या स्नायूंसाठी आहे. ते कमजोर असले, की चालताना अंग दोन्ही बाजूंना डुलतं आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूवर जास्त भार येतो.

तिसऱ्या आठवड्यापासून उभं राहून करायचे व्यायाम आले. सगळ्यात उपयोगी खुर्चीचाच. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीतून सावकाश उठायचं आणि त्याहून सावकाश बसायचं. बसताना तीन मोजायचे. धपकन बसलं तर व्यायाम फुकट, कारण लगाम धरण्याचा सराव तिथेच होतो. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवली आणि दोन आठवड्यांनी उशी काढली. सहाव्या आठवड्यात ओट्याच्या चार-पाच इंचांच्या पायरीवर चढ-उतार सुरू झाली, भिंतीला हात लावून. नवव्या आठवड्यात पायाला एक किलो वाळूची कापडी पिशवी बांधून पाय उचलणं आलं. हे सगळं आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. उरलेल्या दिवशी सपाट रस्त्यावर चालणं, दहा मिनिटांपासून सुरू करून अर्ध्या तासापर्यंत.

चौथ्या दिवशीच बाई म्हणाल्या, “दुखतंय की! झीज वाढली म्हणायची.” बहुतेक लोक व्यायाम इथेच सोडतात. म्हणून दुखण्याचं माप आधीच ठरवून घ्यायला हवं. शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. व्यायाम करताना दुखणं दोनपर्यंत राहिलं तर बिनधास्त करायचं, पाचपर्यंत गेलं तरी चालतं. मात्र वाढलेलं दुखणं चोवीस तासांत पहिल्या जागी आलं पाहिजे. पाचच्या वर गेलं किंवा दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं, गुडघा सुजला, तर व्यायाम बंद न करता वजन किंवा संख्या निम्मी करायची. बाईंचं दुखणं चारपर्यंत जायचं आणि रात्री उतरायचं. ते स्नायू कामाला लागल्याचं दुखणं होतं. झीज त्याने वाढत नाही.

काठीची एक चूकही सुधारली. त्या काठी दुखऱ्या उजव्या पायाच्या बाजूला धरत होत्या. काठी उलट्या हातात, म्हणजे डाव्या हातात धरायची आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची. तरच भार वाटला जातो. हात खाली सोडल्यावर मनगटाची घडी येते तेवढी काठीची उंची हवी.

चार किलोचा हिशेब

अमेरिकेत वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी चालताना गुडघ्यावर येणारा भार मोजला तेव्हा एक उपयोगी गोष्ट कळली. अंगाचं वजन एक किलो कमी झालं, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. त्यांनीच पुढे ४५४ जणांवर दीड वर्षाची पाहणी केली. नुसता व्यायाम, नुसता आहार आणि दोन्ही मिळून, असे तीन गट होते. सर्वांत कमी दुखणं दोन्ही करणाऱ्यांचं राहिलं. त्यांचं वजन सरासरी साडेदहा किलोंच्या आसपास उतरलं होतं. नुसता व्यायाम करणाऱ्यांचं दोन किलोही नाही. चालून वजन उतरेल या आशेवर राहू नये, वजन ताटातूनच उतरतं.

बाईंचं ताट साधंच होतं, त्यामुळे “मी खाते तरी काय!” हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण हिशेब मांडल्यावर तीन जागा सापडल्या. दिवसात पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे. ते दोन कपांवर आणि एकेक चमच्यावर आणलं. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर गोडेतेल लागत होतं, ते तीन लिटरवर आणलं. रात्रीच्या तीन भाकरींतली एक कमी केली. या तिन्हींतून दिवसाला सुमारे साडेचारशे कॅलरी सुटल्या.

भाकरी काढली, की तिची जागा भरावी लागते. नाहीतर चरबीबरोबर स्नायूही उतरतो आणि सगळा व्यायाम वाया जातो. म्हणून दोन्ही वेळा वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, ताक आणि एक दिवसाआड उकडलेलं अंडं आलं. मंगळवारच्या उपवासाची साबुदाण्याची खिचडी हा मोठा खड्डा होता. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात आणि दाण्याचं कूट, तूप मिळून ती जेवणापेक्षा जड होते. उपवास राहिला, पण खिचडीऐवजी दूध आणि फळ आलं. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी मात्र जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, नाहीतर साखर एकदम खाली येऊ शकते.

बारा आठवड्यांत बाईंचं वजन ६७ किलो झालं. चार किलो म्हणजे प्रत्येक पावलाला सोळा किलोचा भार कमी. त्यांनी खुरपणी सोडली, चुलीपुढे बसण्याऐवजी ओट्यावर उभं राहून भाकरी थापू लागल्या आणि संडासात बसायला खुर्ची घेतली. या तीन बदलांनी गुडघा पूर्ण दुमडण्याची वेळ दिवसात फारशी येईनाशी झाली.

गोळी, इंजेक्शन आणि चिठ्ठी

दुखणं वाढलेल्या दिवशी गुडघ्यावर चोळायचं डायक्लोफिनॅकचं जेल हा चांगला पहिला उपाय आहे. त्याच औषधाची गोळी महिनोन्‌महिने घेतली, तर पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांना त्रास होतो. बाईंसारख्या रक्तदाबाच्या रुग्णाने तर ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेऊच नये. सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटतं. मात्र दर तीन महिन्यांनी ते घेत राहण्याबद्दल २०१७ मध्ये एक अभ्यास आला. दोन वर्षांनी दुखण्यात फरक नव्हता आणि कूर्चा मात्र जास्त झिजली होती. शिवाय ऑपरेशन ठरलं असेल, तर त्याआधीचे तीन महिने हे इंजेक्शन टाळतात, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

कधी थांबू नये

लांबवण्यालाही मर्यादा आहे. गुडघा हळूहळू वाकडा होत गेला, पाय धनुष्यासारखे झाले किंवा गुडघा सरळच होईना, तर ऑपरेशन अवघड होत जातं आणि नंतरचा फायदाही कमी मिळतो. हे घरी तपासता येतं. पाठीवर सपाट झोपून पाय सैल सोडायचे. गुडघ्याखाली मूठ जाऊ लागली, आणि सहा महिन्यांपूर्वी जात नव्हती, तर गुडघा आखडतो आहे. बारा आठवडे मनापासून करूनही रात्री दुखण्याने जाग येत असेल, घरातल्या घरात चालणं अवघड होत असेल, तर मग थांबण्यात शहाणपण नाही. अशा माणसाचे स्नायू दर महिन्याला वाळत जातात.

काही लक्षणं तर झिजेची नसतातच. गुडघा एकाएकी लाल, गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त राहत असेल आणि हाताची बोटंही सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्याचे उपचार वेगळे आहेत.

ऑपरेशन ठरलंच तर

गुडघा बदलणं म्हणजे अख्खा गुडघा काढून टाकणं नव्हे. दोन्ही हाडांच्या झिजलेल्या टोकांचा काही मिलिमीटरचा थर काढून त्यावर धातूचं आवरण आणि मध्ये प्लास्टिकची गादी बसवतात. महाराष्ट्रात हे ऑपरेशन घराघरांत माहीत झालं ते तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींमुळे. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा डावा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा बदलला. तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती.

वयाचा मुद्दा दोन्ही बाजूंनी बघावा लागतो. कृत्रिम गुडघे चांगले टिकतात. परदेशातल्या नोंदींनुसार शंभरांपैकी सुमारे ८२ गुडघे पंचवीस वर्षांनीही जागेवर असतात. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात सत्तरीनंतर ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांनाच आयुष्यात ते पुन्हा करावं लागेल असं दिसलं. पन्नाशीच्या सुरुवातीला झालेल्या पुरुषांत मात्र हे प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत जातं. साठीतला माणूस या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो. दुसऱ्यांदा केलेलं ऑपरेशन पहिल्यापेक्षा कठीण असतं, म्हणून साठीत चार-पाच वर्षं चांगली गेली तर ती खरी कमाई आहे. मात्र ती वर्षं अंथरुणात, कण्हत काढायची असतील, तर ती कमाई नव्हे.

ऑपरेशनआधी घरच्यांनी हेही समजून घ्यावं, की सुमारे पाचांपैकी एकाला नंतरही काही ना काही दुखणं राहतं. उकिडवं बसणं आणि खुरपणी नव्या गुडघ्यालाही मानवत नाही. आणि जाऊबाईंनी सांगितलेला आखडलेला पाय बहुधा पहिल्या दीड-दोन महिन्यांतला गुडघा वाकवण्याचा व्यायाम चुकल्याने झालेला असतो. गावाकडे आठवड्याला फिजिओथेरपिस्टपर्यंत कोण नेणार, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच ठरवावं.

खर्चाचं सांगायचं, तर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध दर प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. दीड लाखांच्या पुढे विकला जाणारा नेहमीच्या वापरातला सांधा त्या वेळी जीएसटी सोडून ५४,७२० रुपयांवर आला. ही किंमत फक्त सांध्याची. रुग्णालय, भूल, डॉक्टर यांचं बिल वेगळं असतं, म्हणून लेखी अंदाजपत्रकात दोन्ही रकमा वेगवेगळ्या मागाव्यात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून हे ऑपरेशन कुठे होईल, ते योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका घेऊन विचारावं.

उदाहरणातल्या बाईंनी तेराव्या आठवड्यात पुन्हा खुर्ची मोजली. अकरा वेळा. रात्रीची जाग थांबली होती, पायऱ्या उतरताना कठडा अजून लागत होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन सहा महिने पुढे ढकललं आणि तोवर कॅलेंडरवर दर महिन्याच्या एक तारखेला तीन गोष्टी लिहायला सांगितल्या. खुर्चीतून किती वेळा उठलं, वजन किती, आणि गुडघ्याखाली मूठ जाते का. मुलगा म्हणाला, “आणि जायला लागली तर?” बाई म्हणाल्या, “तर मग तारीख घे. तवर मला पाय उचलू दे.”